‘नाही’ सानंदला, साहेबांना नव्हे

*वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी नऊ वर्षं क्वालिटीला आहे, आता सीनियर इंजिनिअर. परवा शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गुजरातमध्ये सानंदच्या प्लांटला नवी लाइन टाकतायत, तिथं असिस्टंट मॅनेजर म्हणून तुझं नाव द्यायचंय, विचार कर, म्हणाले. मला जाणं शक्य नाही. सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सोमवारी आणि शुक्रवारी मी बरोबर असते, बुधवारी मिस्टर. ते गंगापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. मुलगी नववीत आहे. पण साहेबांनीच मला काम शिकवलंय. त्यांचं मन न दुखवता, पुढं माझं नाव मागं न पडता, हे कसं सांगू? की सध्या ‘बघते’ म्हणून वेळ काढू?*
*– एक वाचक, बजाजनगर*

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बिघडायला सुरुवात तिथूनच होते. ‘बघते’ म्हणू नका. तुमच्या मनात त्याचा अर्थ ‘नाही, पण आत्ता सांगायचं धाडस नाही’ असा असतो. साहेबांना मात्र ते ‘घरी विचारून हो म्हणेल’ असं ऐकू येतं. मग ते वरच्या साहेबांना तुमचं नाव सांगून मोकळे होतात आणि दुसरं माणूस शोधायचं थांबवतात. पंधरा दिवसांनी तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर त्यांना बदली नाकारल्याचा राग येत नाही. राग येतो तो वरच्यांसमोर आपला शब्द खाली पडल्याचा.

प्रस्ताव तोंडी आहे तोवर नाव मागं घेणं हे साहेबांचं एका फोनचं काम आहे. एकदा एचआरकडून पत्र निघालं, की त्यात जॉइनिंगची तारीख येते, सानंदच्या प्लांट हेडला प्रत जाते, आणि ते रद्द करायला दोन-तीन सह्या लागतात. म्हणून शनिवारी विचारलंय ना, तर बुधवारपर्यंत भेटून सांगा. त्याच्या आत घरी एकदा सगळ्यांनी बसून पक्कं करून घ्या. एकदा ‘नाही’ सांगितल्यावर ‘मिस्टर म्हणतायत जाऊन बघ’ असं होता कामा नये.

भेटायला जाण्याआधी आणखी एक काम आहे. घरातली फाइल काढून तुमचं नेमणूकपत्र वाचा. बहुतेक कंपन्यांच्या पत्रात ‘आपली सेवा कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये किंवा शाखेत बदलीस पात्र राहील’ अशा अर्थाचं एक कलम असतं. ते असेल तर कंपनीला बदलीचा आदेश काढता येतो, आणि निघालेला आदेश न पाळणं ही वेगळीच भानगड होऊन बसते. त्यामुळे ‘मला असं पाठवता येणार नाही’ ही भाषा तोंडातून जाऊ देऊ नका. कलम असलं म्हणून घाबरूनही जाऊ नका. साहेबांनी ‘विचार कर’ म्हटलंय, म्हणजे अजून तरी हा प्रस्तावच आहे. ‘तुझं नाव पाठवलंय’, ‘कधी निघतेस’, किंवा एचआरकडून सामान हलवण्याच्या खर्चाचं बोलणं, हे कानावर आलं तर समजायचं की गोष्ट पुढं सरकली. शंका असेल तर भेटीत सरळ विचारा: “सर, हे अजून ठरायचंय की वरून ठरून आलंय?” हा प्रश्न कुणालाही उद्धट वाटत नाही, आणि उत्तरावरून तुमचं पाऊल कुठं आहे ते कळतं.

आता कारणाकडे येऊ. तुमच्याकडं तीन कारणं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. माणसाला वाटतं तिन्ही सांगितली की वजन वाढेल. होतं उलटं. मॅनेजरचा पिंडच अडचणी सोडवण्याचा असतो. तुम्ही कारण सांगितलं, की त्याच्या डोक्यात लगेच त्यावरचा तोडगा सुरू होतो. मुलीची शाळा? “ॲडमिशनचं एचआर बघेल.” मिस्टरांची नोकरी? “तू पुढं हो, महिन्यातून दोनदा घरी येत जा.” सासरे? “अहमदाबादला काय हॉस्पिटलं कमी आहेत का?” त्यांनी एकेक कारण निकालात काढायचं आणि तुम्ही पिशवीतून पुढचं काढायचं, असा खेळ सुरू झाला की तिसऱ्या कारणापर्यंत त्यांना वाटायला लागतं, ही बहाणे सांगतेय. म्हणून एकच कारण निवडायचं आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहायचं.

कुठलं? इथं कारणाची मुदत बघायची. मुलीचं कारण सोयीचं वाटतं, बोलायलाही सोपं. पण तिची दहावी पुढच्या वर्षी संपते. तेच कारण सांगितलंत तर साहेबांच्या डायरीत ‘दहावीनंतर तयार’ अशी नोंद होईल, आणि परीक्षा संपली की सानंद पुन्हा दारात. तुमची खरी अडचण तोवर तशीच असणार. मिस्टरांचं कारण भक्कम आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची आंतरजिल्हा बदली म्हटली तरी ती शासन प्रक्रिया काढेल तेव्हाच, आणि तीही महाराष्ट्रातच. गुजरातेत बदली करून मिळणं हा प्रकारच नाही. पण हेच मुख्य कारण म्हणून पुढं केलं, की बोलणं ‘नवरा-बायको वेगळ्या गावी नोकरी करत नाहीत का’ या वळणावर जातं, आणि तिथं तुम्हाला बचावच करत बसावं लागेल. ‘मिस्टर नको म्हणतात’ हे तर अजिबात नको. त्यातून निर्णय तुमचा नाहीच असं दिसतं, आणि असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी ज्या बाईंचा विचार चाललाय त्यांच्याबद्दल ते दिसायला नको.

उरतं डायलिसिस. ते मांडताना शब्द कसे ठेवता यावर सगळं आहे. ‘सासऱ्यांवर इथं उपचार चालू आहेत’ असं म्हणालात तर कारण गावाशी बांधलं जातं, आणि अहमदाबादचं नाव घेतलं की सुटतंही. ‘आठवड्यातल्या दोन पाळ्यांना त्यांच्याबरोबर मी असते’ असं म्हणालात तर कारण तुमच्या हजेरीशी बांधलं जातं. त्यावर तोडगा काढायला कुणाकडं काही नसतं. डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची, त्यात नेणं-आणणं, सुई काढल्यावर हातावर दाब धरून बसणं, नंतर बीपी उतरून येणारी गळाठ. सोबत माणूस लागतोच. पण हा तपशील तुमच्या माहितीसाठी. केबिनमध्ये एवढं सांगायची गरज नाही, रिपोर्ट तर मुळीच दाखवायचे नाहीत. एका वाक्यात दिवस आणि तुमचं काम सांगितलं की पुरे.

मुलीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट घरात बोलून ठेवा. साहेबांसाठी नाही, तुमच्यासाठी. तिला पुढं नीट द्यायची असेल, तर महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी अशी अट असते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सवलत आहे, पण खासगी कंपनीतल्या बदलीला ती लागू होत नाही. दहावी गुजरातेतून केली की ती वाट अडते. आपल्याकडं दहावी झाली की लातूरचं तिकीट काढणाऱ्या घरांनी हे आधीच डोक्यात ठेवलेलं बरं. यामुळं तुमचा घरातला निर्णय आणखी पक्का होईल. पण भेटीनंतर साहेबांना जो मेल टाकाल त्यात हे येऊ देऊ नका.

भेटीची वेळ मागून घ्या. लाइनवर उभ्या उभ्या, किंवा मॉर्निंग मीटिंग संपताना दारात, हा विषय काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर तर नाहीच. दहा मिनिटं मागा, बसा, आणि पहिल्या मिनिटातच नकार सांगून टाका. आपल्याकडं माणसं इथंच चुकतात. आधी पाच मिनिटं आभार, कंपनीचं कौतुक, नऊ वर्षांच्या आठवणी. समोरच्याला वाटतं आता ‘हो’ येणार, आणि येतो ‘पण’. मग आधीचं सगळं गोड बोलणं खोटं वाटायला लागतं. आभार एकदाच माना, पण नेमके माना, आणि कंपनीचे नाही, साहेबांचे. त्यांनी तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. साधारण असं:

“सर, सानंदसाठी तुम्ही माझं नाव काढलंत. नवी लाइन उभी करायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवायला तयार आहात, हे मी विसरणार नाही. घरी सगळ्यांशी बोलले. मला तिकडं जाता येणार नाही. सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्यातल्या सोमवारच्या आणि शुक्रवारच्या पाळीला मीच असते. ती जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. तुम्हाला दुसरं नाव बघायला वेळ मिळावा म्हणून लगेच सांगायला आले.”

एवढं बोलून गप्प बसा. शांतता झाली की ती भरून काढायला जीभ वळवळते, आणि मग शाळा, मिस्टर, भाडं, सगळं बाहेर पडतं. बोलू द्या त्यांना.

ते काय म्हणतील याचा अंदाज बांधता येतो. पहिलं, सासऱ्यांनाच तिकडं घेऊन जायचं. त्यावर: “सर, मशीनचा प्रश्न नाही, बरोबर बसणाऱ्या माणसाचा आहे. इथं मी आणि मिस्टर वाटून घेतो. तिथं तिन्ही दिवस मी एकटी.” बघा, मिस्टरांची नोकरी इथं आपोआप आली, पण वेगळं कारण म्हणून नाही, त्याच कारणाचा आधार म्हणून.

दुसरं बोलणं जास्त फसवं असतं: “बरं, सहा महिने जा, मग बघू.” यात माणूस अडकतो, कारण सहा महिने म्हणजे थोडंच वाटतं आणि दोनदा नाही म्हणायला जड जातं. पण डायलिसिस सहा महिन्यांनी सुटत नसतं. म्हणून हे असं परतवा: “सहा महिन्यांनीही घरची परिस्थिती हीच असेल, सर. लाइन अर्ध्यात असताना मी परत आले तर तुमचीच जास्त अडचण होईल.” हे खरंही आहे आणि त्यांच्या बाजूनंही विचार केलेला दिसतो. आणि हो, ‘सध्या जमणार नाही’ यातला ‘सध्या’ खाऊन टाका. या शब्दाला शेवटची तारीख लागते आणि ती तुमच्याकडं नाही.

तिसरं: “मग मी वर काय सांगू?” हा प्रश्न रागाचा वाटतो. बहुतेकदा नसतो. त्यांनी तुमचं ऐकलंय, आता त्यांना वर न्यायला एक वाक्य हवंय. ते तयार ठेवा: “घरच्या आजारपणाच्या जबाबदारीमुळं तिला शहर सोडता येत नाही, पण लाइन सुरू करायला ती मदत करणार आहे.”

या वाक्याचा दुसरा भाग म्हणजे तुमच्या कृतज्ञतेचा पुरावा, म्हणून तो जपून ठरवा. साहेबांना बाई पाठवायची नव्हती, सानंदची लाइन चालू करायची होती. त्यातलं किती काम तुम्ही वाळूजला बसून उचलू शकता? सगळ्यात चांगला देकार हा: “सानंदचे दोन इन्स्पेक्टर पंधरा दिवस इकडं पाठवा. आपल्या चालू लाइनवर त्यांना कंट्रोल प्लॅन, गेजिंग आणि रिजेक्शनचं विश्लेषण शिकवून तयार करून देते.” चालू लाइनवर शिकलेला माणूस नव्या लाइनवर लवकर उभा राहतो, हे साहेबांना पटवायला लागणार नाही.

त्याशिवाय सानंदला प्रत्यक्ष भेट द्यायची असेल तर आधी कॅलेंडरवर मांडून बघा. समजा पाळी संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि साडेनऊला संपते. सोमवारची पाळी उरकून, सासऱ्यांना घरी सोडून तुम्ही रात्री उशिराची बस धरलीत, तर मंगळवारचा निम्मा दिवस प्रवासातच जातो. शुक्रवारी साडेपाचला परत दवाखान्यात हजर व्हायचं, म्हणून गुरुवारी रात्रीच तिकडून निघायचं. हाती राहिले अडीच दिवस. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे देऊ शकता ते एवढंच: महिन्यातून एकदा, मंगळवार दुपार ते गुरुवार संध्याकाळ, असे तीन महिने. मिळून तीन फेऱ्या. आकडा तोंडानंही सांगा आणि लिहूनही द्या. ‘गरज पडेल तेव्हा येईन’ म्हणालात तर गरज दर आठवड्याला पडते, आणि बदली नाकारून तुम्ही निम्म्या सानंदला राहायला जाता. तेवढंही झेपणार नसेल तर फेऱ्यांचं नावच काढू नका, इन्स्पेक्टरांचं प्रशिक्षण पुरेसं आहे.

भेट झाली की त्याच दिवशी छोटा मेल टाका. साहेबांनाच, एचआरला प्रत न ठेवता. पुढं कळवायचं ते साहेब कळवतील, त्यांच्या डोक्यावरून गेल्यासारखं नको. मजकूर असा चालेल:

> आदरणीय सर,
>
> आज सकाळी वेळ दिल्याबद्दल आभार. सानंदच्या नव्या लाइनसाठी आपण माझं नाव सुचवायचा विचार केलात, हा आपला विश्वास माझ्यासाठी मोलाचा आहे.
>
> आपल्याशी बोलल्याप्रमाणे, कुटुंबातील आजारपणाच्या जबाबदारीमुळे मला शहर सोडणं शक्य नाही. त्यामुळे या बदलीसाठी माझ्या नावाचा विचार करू नये, ही विनंती.
>
> सानंदच्या दोन इन्स्पेक्टरना वाळूजच्या लाइनवर पंधरा दिवसांचं प्रशिक्षण देण्याची, आणि पुढील तीन महिन्यांत दरमहा एकदा (मंगळवार ते गुरुवार) सानंदला येण्याची माझी तयारी आहे. तारखा आपण सांगाव्यात.
>
> आपली,

कंपनीत मेल इंग्रजीतच लिहायची पद्धत असेल तर तसा लिहा, पण याहून लांब करू नका. यात ‘विनंती’ आहे आणि ‘शक्य नाही’ही आहे, दोन्ही लागतात. नुसती विनंती केली तर दार अर्धं उघडं राहतं, नुसतं ‘शक्य नाही’ म्हटलं तर त्या नेमणूकपत्रातल्या कलमाशी टक्कर होते. आजाराचं नाव मेलमध्ये नाही हेही बघितलंत ना? मेल कुठं कुठं फॉरवर्ड होईल ते आपल्या हातात नसतं. आणि माफी कुठंच मागितलेली नाही. चुकलं काही नाही, मग माफी कशाची?

बढतीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. असिस्टंट मॅनेजरची ती खुर्ची सानंदच्या जागेबरोबर आली होती, तर जागा सोडली की ती खुर्चीही बहुधा जाते. या अप्रेझलला तसं होईल असं धरून चाला. नकाराच्याच भेटीत “मग इथं तरी प्रमोशन द्या” हा विषय काढू नका, तो सौदा वाटतो. महिना-दीड महिना जाऊ द्या. सानंदची माणसं येऊन शिकून गेली, की साहेबांना विचारा: “वाळूजला असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली तर माझं नाव राहील का? त्यासाठी माझ्यात काय कमी पडतंय?” तेव्हा तुमच्या हातात नुसतं नऊ वर्षांचं जुनं काम नसेल, सानंदसाठी केलेलं ताजं कामही असेल. उत्तर गोलगोल आलं तर तेही एक उत्तरच आहे.

तोवर टपरीवर चहा घेताना ‘मला सानंदला पाठवत होते, मीच नाही म्हटलं’ हे कुणापाशी बोलू नका. ज्याचं नाव नंतर जाईल त्याला आपण दुसरी पसंती होतो हे कळेल, आणि कुणाच्या तोंडून कळलं तेही.

एवढं सगळं करून पत्र निघालंच, तर आजारपणाची रजा टाकून तारीख टाळायचा मार्ग धरू नका. बऱ्याच जणांना तोच सुचतो, आणि तोच त्यांच्या विरोधात कागदावर येतो. कामावर येत राहा. पत्र मिळाल्याची पोच द्या, आणि जॉइनिंगच्या तारखेआधी फेरविचाराचा लेखी अर्ज करा, साहेबांमार्फत एचआरकडं. आता मात्र डायलिसिसच्या वेळापत्रकाचं दवाखान्याचं पत्र जोडायचं. सोबत तुमचा आजचा मेलही जोडा. अडचण तुम्ही पत्र निघायच्या आधीच सांगितली होती, हे त्याच्या तारखेवरून दिसेल. आणि त्याच आठवड्यात नेमणूकपत्र घेऊन कामगार कायदा बघणाऱ्या एखाद्या वकिलाकडं जाऊन या, तारीख उलटायच्या आत.